कोनाचे दोन समान भाग: कंपासची रचना आणि तिच्यामागचे कारण

कोनाचे दोन समान भाग करणाऱ्या किरणाला कोनदुभाजक म्हणतात. कोन ७० अंशांचा असेल, तर दुभाजकाच्या दोन्ही अंगांना ३५ अंशांचा एकेक कोन पडतो. कोनमापक ठेवून ७० मोजायचे आणि ३५ वर खूण करायची, हा एक मार्ग झाला. पण भूमितीत दुभाजक काढण्याची जी रीत शिकवली जाते, तिच्यात कोन मोजावाच लागत नाही. तो किती अंशांचा आहे हे ठाऊक नसले तरी चालते, आणि तो ७० ऐवजी ७१.३ अंशांचा असला तरी रीत तीच राहते. लागतात दोनच साधने: कंपास आणि पट्टी.

या साधनांनी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे काटेकोरपणे ठरलेले आहे. पट्टीने दोन बिंदू जोडायचे किंवा असलेली रेषा पुढे वाढवायची, बस. पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा असल्या तरी त्यांचा आधार रचनेला घ्यायचा नाही. कंपासने एखाद्या बिंदूभोवती वर्तुळ काढायचे, किंवा त्या वर्तुळाचा हवा तेवढाच तुकडा, म्हणजे कंस, काढायचा. ग्रीक गणिती युक्लिड याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात पहिली तीन गृहीतके याच तीन कामांची आहेत: दोन बिंदू जोडणे, रेषा वाढवणे आणि वर्तुळ काढणे. कोन दुभागण्याची रचना त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात नवव्या क्रमांकावर येते. शाळेच्या वहीत आज जी रचना काढली जाते, ती मुळात तीच आहे. फक्त एका ठिकाणी किंचित सैल केलेली.

रचना

कागदावर एक कोन काढावा. त्याच्या शिरोबिंदूला अ म्हणू. कोन साधारण ७० अंशांचा आणि भुजा सात-आठ सेंटिमीटर लांब असाव्यात. पुढे दिलेली मापे केवळ पडताळा घेण्यासाठी आहेत. रचनेला त्यांची गरज नाही.

पहिली पायरी: कंपासचे टोक अ वर रोवून सोयीची त्रिज्या घ्यावी, समजा ४ सेंटिमीटर, आणि दोन्ही भुजांना छेदणारा एकच कंस काढावा. तो एका भुजेला जिथे छेदतो तो बिंदू ब, दुसऱ्या भुजेला छेदतो तो बिंदू क.

दुसरी पायरी: कंपासचे टोक ब वर ठेवून कोनाच्या आतल्या भागात, अ पासून दूरच्या बाजूला, एक कंस काढावा. त्रिज्या समजा ३ सेंटिमीटर.

तिसरी पायरी: कंपासचे अंतर जराही न बदलता टोक क वर ठेवावे आणि आधीच्या कंसाला छेदणारा दुसरा कंस काढावा. दोन कंस जिथे छेदतात त्या बिंदूला ड म्हणू.

चौथी पायरी: पट्टीने अ आणि ड जोडून किरण काढावा. किरण अड हा कोन बअक चा दुभाजक आहे.

वरच्या मापांनी रचना केली, तर अ पासून ड सुमारे ५.२ सेंटिमीटरवर येतो. कोनमापक लावून पाहिल्यास दोन्ही अंगांना ३५ अंश दिसतात. मात्र कोनमापकाने दिसलेला मेळ हा पुरावा नव्हे. कोनमापकावर अर्ध्या अंशाचा फरक डोळ्याला धड कळत नाही, आणि एका कोनावर रीत जुळली म्हणून ती सगळ्या कोनांवर जुळेल असेही नाही. म्हणून सिद्धता लागते.

दोन त्रिकोण आणि तीन बाजू

सिद्धतेसाठी आकृतीत आणखी दोन रेषाखंड काढावेत: बड आणि कड. आता त्रिकोण अबड आणि त्रिकोण अकड असे दोन त्रिकोण दिसतात. त्यांच्या बाजू एकेक करून पाहू.

बाजू अब आणि बाजू अक समान आहेत, कारण ब आणि क हे दोन्ही बिंदू अ केंद्र असलेल्या एकाच कंसावर आहेत. बाजू बड आणि बाजू कड समान आहेत, कारण ते दोन कंस कंपासच्या त्याच अंतराने काढले. बाजू अड दोन्ही त्रिकोणांत सामाईक आहे. म्हणजे एका त्रिकोणाच्या तीन बाजू दुसऱ्याच्या तीन बाजूंशी अनुक्रमे जुळतात. बाबाबा कसोटीनुसार हे त्रिकोण एकरूप आहेत. एकरूप त्रिकोणांचे संगत कोनही समान असतात, म्हणून कोन बअड आणि कोन कअड समान आहेत. हेच सिद्ध करायचे होते.

या युक्तिवादात ७० हा आकडा कुठेच आला नाही. ४ आणि ३ हे आकडेही आले नाहीत. ‘अब आणि अक समान’ आणि ‘बड आणि कड समान’ एवढ्या दोनच गोष्टींवर सगळे उभे आहे. म्हणून रचना कोणत्याही मापाच्या कोनाला लागू पडते, आणि पहिल्या कंसाची त्रिज्या दुसऱ्या दोन कंसांच्या त्रिज्येइतकी असण्याचीही गरज नाही. पहिली त्रिज्या एक आणि पुढची वेगळी असली तरी चालते. पुढच्या दोन मात्र एकमेकींइतक्याच हव्यात.

तरीही एक प्रश्न उरतो. तीन बाजू जुळल्या की कोन जुळलेच पाहिजेत, हे तरी कशावरून? चौकोनाच्या बाबतीत असे घडत नाही. चार समान पट्ट्या टोकांशी खिळ्यांनी जोडल्या, तर तो सांगाडा दाबून चौरसाचा तिरका समभुज चौकोन करता येतो. बाजू त्याच राहतात, कोन बदलतात. त्रिकोणाच्या बाबतीत मात्र बाजू ठरल्या की आकार ठरतो, आणि त्याचे कारण खुद्द या रचनेच्या वर्तुळांतच आहे.

काढलेल्या आकृतीत अड हा रेषाखंड स्थिर धरावा. ब बिंदू अ पासून ४ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे तो अ केंद्र असलेल्या ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे. तो ड पासून ३ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ड केंद्र असलेल्या ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावरही आहे. क ची अंतरे तीच, म्हणून तोही याच दोन वर्तुळांवर आहे. दोन वेगळी वर्तुळे जास्तीत जास्त दोन बिंदूंत छेदतात. तेव्हा ब आणि क हेच ते दोन बिंदू. आता अ आणि ड या दोन्ही केंद्रांतून जाणाऱ्या रेषेवर कागद दुमडला, तर प्रत्येक वर्तुळाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर तंतोतंत बसतो, कारण केंद्रातून जाणारी कोणतीही रेषा वर्तुळाचे दोन सारखे भाग करते. दोन्ही वर्तुळे स्वतःवरच बसली, म्हणजे त्यांचा एका बाजूचा छेदनबिंदू दुसऱ्या बाजूच्या छेदनबिंदूवर बसलाच पाहिजे. ब हा क वर येतो. अब ही भुजा अक वर येते. घडी अड वर पडलेली आहे, म्हणून दोन्ही अंगांचे कोन एकमेकांवर बसतात.

युक्लिडनेही कोन दुभागण्याआधी नेमकी हीच पायाभरणी करून ठेवली आहे. पहिल्या भागातील सातवे विधान सांगते की, एका रेषाखंडाच्या एकाच बाजूला, दोन टोकांपासून तीच दोन अंतरे अनुक्रमे राखणारे दोन वेगळे बिंदू असू शकत नाहीत. त्याच्या आधाराने आठवे विधान, म्हणजे तीन बाजूंची कसोटी, सिद्ध होते. आणि आठव्याचा पहिला मोठा उपयोग नवव्यात, म्हणजे कोन दुभागण्यात, होतो.

त्रिज्या कोणतीही का चालते

हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने पाहिली की रचनेची मोकळीक अधिक स्पष्ट होते. ब आणि क जोडावेत आणि बक चा मध्यबिंदू म मानावा. बक ला म मध्ये लंब असणारी रेषा, म्हणजे बक चा लंबदुभाजक, हिच्यावरचा प्रत्येक बिंदू ब आणि क पासून सारख्याच अंतरावर असतो. उलट बाजूनेही हे खरे आहे: ब आणि क पासून सारख्या अंतरावर असलेला प्रत्येक बिंदू याच रेषेवर असतो. अ बिंदू ब आणि क पासून ४-४ सेंटिमीटरवर आहे, म्हणून तो या रेषेवर आहे. ड दोघांपासून ३-३ सेंटिमीटरवर आहे, म्हणून तोही तिच्यावर आहे. दोन बिंदू मिळाले की रेषा ठरली. म्हणजे पट्टीने अड जोडताना बक चा लंबदुभाजकच काढला जातो, आणि त्रिकोण अबक समद्विभुज असल्यामुळे तोच लंबदुभाजक अ जवळच्या कोनाचे दोन समान भाग करतो.

यावरून दिसते की, ड मिळवायला घेतलेली त्रिज्या बदलली तर ड या रेषेवरून पुढे-मागे सरकतो, पण रेषा सोडत नाही. ३ सेंटिमीटरऐवजी ४ सेंटिमीटर त्रिज्या घेतली, तर ड हा अ पासून सुमारे ६.५५ सेंटिमीटरवर येतो. अबडक हा आता समभुज चौकोन असतो. ३ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे पूर्ण काढली, तर ती दोनदा छेदतात, आणि दुसरा छेदनबिंदू अ पासून सुमारे १.३ सेंटिमीटरवर, अ आणि म यांच्या मध्ये पडतो. तोही त्याच रेषेवर असतो. सिद्धांताच्या दृष्टीने तो बिंदू अ ला जोडला तरी दुभाजक तोच मिळतो.

मोकळीक असली तरी एक मर्यादा आहे. दोन कंस छेदण्यासाठी त्रिज्या बक च्या निम्म्याहून अधिक असावी लागते. आपल्या कोनात बक सुमारे ४.५९ सेंटिमीटर आहे, त्याचे निम्मे सुमारे २.२९. कंपासमध्ये २.२ सेंटिमीटर घेतले, तर दोन कंस एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. कंस न छेदणे हे चुकीचे लक्षण नसून त्रिज्या तोकडी असल्याचे लक्षण आहे. कंपास थोडा उघडून दोन्ही कंस नव्याने काढले की काम होते. मात्र एकच कंस वाढवून चालत नाही.

साठ अंशांचा अडथळा

युक्लिडची मूळ रचना शाळेतल्या रचनेहून एका जागी वेगळी आहे. तो ब आणि क मिळवल्यावर ‘सोयीची’ त्रिज्या घेत नाही. तो बक वर समभुज त्रिकोण काढतो, म्हणजे ब केंद्र घेऊन क मधून जाणारे आणि क केंद्र घेऊन ब मधून जाणारे वर्तुळ काढतो. यामागे कारण आहे. त्याच्या गृहीतकांतला कंपास कागदावरून उचलला की अंतर धरून ठेवतो असे मानलेले नाही. एका केंद्रावरचे अंतर जसेच्या तसे दुसऱ्या केंद्रावर नेता येते, हे त्याला वेगळे सिद्ध करावे लागले. बक हेच अंतर त्रिज्या म्हणून घेतले की अडचण उरत नाही, कारण प्रत्येक वर्तुळाचे केंद्र आणि त्यावरचा एक बिंदू आधीपासून कागदावर असतो. शाळेतल्या कंपासचा स्क्रू घट्ट असतो, तो अंतर धरून ठेवतो, म्हणून तिथे हवी ती त्रिज्या घेता येते.

बक वर समभुज त्रिकोण मात्र दोन बाजूंना काढता येतो: अ च्या बाजूला किंवा अ पासून दूरच्या बाजूला. मूळ कोन नेमका ६० अंशांचा असेल, तर त्रिकोण अबक स्वतःच समभुज असतो. अशा वेळी अ च्या बाजूला काढलेल्या समभुज त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू खुद्द अ वरच येतो. जोडायला दुसरा बिंदूच मिळत नाही आणि रचना तिथेच थांबते. दूरच्या बाजूला काढलेल्या त्रिकोणात हा प्रसंग कधीच येत नाही. शाळेतल्या रचनेतही अब इतकीच त्रिज्या ठेवून अ च्या बाजूचा छेदनबिंदू घ्यायला गेले, तर कोणत्याही कोनात असेच होते: दोन्ही कंस अ मधूनच जातात. ‘कंस कोनाच्या अंतर्भागात, शिरोबिंदूपासून दूर काढावा’ ही सूचना म्हणूनच महत्त्वाची आहे.

सरळ कोनातही त्रिज्येची निवड आड येते. कोन १८० अंशांचा असेल, तर ब, अ, क एका रेषेत येतात आणि अ हाच बक चा मध्यबिंदू होतो. पहिल्या कंसाचीच त्रिज्या पुढे ठेवली, तर ब आणि क भोवतीचे कंस अ पाशी एकमेकांना फक्त स्पर्श करतात, ड मिळत नाही. त्रिज्या वाढवली की ड मिळतो आणि किरण अड दोन्ही बाजूंना ९० अंशांचा कोन करतो. म्हणजे रेषेवरच्या बिंदूतून लंब काढण्याची नेहमीची रचना ही सरळ कोन दुभागण्याचीच रचना आहे.

कागदावर चूक कुठे होते

तर्काने रचना अचूक असली, तरी पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते आणि कंपासचे टोक कागदात किंचित हलते. त्यामुळे त्रिज्या कोणती घ्यावी, हा प्रश्न हातकामात महत्त्वाचा ठरतो.

पहिली गोष्ट म्हणजे कंस एकमेकांना किती तिरके छेदतात. त्रिज्या २.४ सेंटिमीटर घेतली, तर आपल्या आकृतीत दोन कंस सुमारे ३४ अंशांनी छेदतात. इतक्या निमुळत्या छेदात जाड रेषा एकमेकींवर लांबवर पसरतात आणि नेमका बिंदू कुठला हे ठरवता येत नाही. त्रिज्या ८ सेंटिमीटर घेतली तरी तीच गत होते. तिथेही छेद सुमारे ३३ अंशांचाच असतो. ३ सेंटिमीटर त्रिज्येत मात्र छेद सुमारे ८० अंशांचा, म्हणजे काटकोनाच्या जवळ येतो, आणि बिंदू ठळक दिसतो. साधारण नियम असा सांगता येतो की, त्रिज्या बक च्या लांबीच्या सुमारे सात-दशांश असली की कंस एकमेकांना काटकोनात छेदतात. फार विशाल कोनात पहिलीच त्रिज्या पुढे ठेवण्याची सवय याच कारणाने त्रास देते: १५० अंशांच्या कोनात तसे केले, तर छेद अवघा ३० अंशांचा होतो. तिथे कंपास थोडा आणखी उघडावा.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये कंपास सरकणे. ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. ब वरून ३ सेंटिमीटरचा कंस काढला आणि टोक क वर नेताना पेन्सिल सैल होऊन अंतर ३.१ झाले, असे समजू. ड आता दुभाजकावरून ब च्या बाजूला सुमारे अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरने सरकतो, आणि किरण अड सुमारे पाऊण अंशाने चुकतो. एका बाजूला ३५.७ आणि दुसऱ्या बाजूला ३४.३ अंश. हीच एक मिलिमीटरची चूक छोट्या आकृतीत फार महागात पडते. पहिली त्रिज्या ४ ऐवजी १ सेंटिमीटर आणि दुसरी ३ ऐवजी पाऊण सेंटिमीटर असेल, तर किरण जवळपास ३ अंशांनी भरकटतो. म्हणून ब, क आणि ड हे बिंदू शिरोबिंदूपासून शक्य तितके लांब घ्यावेत.

तिसरी चूक तर्काची आहे. काही जण पहिला कंस एका फटक्यात न काढता दोन भुजांवर वेगवेगळ्या खुणा करतात. एका भुजेवर ४ आणि दुसरीवर ५ सेंटिमीटरवर खूण झाली, आणि तिथून ४ सेंटिमीटर त्रिज्येचे कंस काढले, तर ड हा ब आणि क पासून सारख्या अंतरावर येतो खरा. पण अ तसा नसतो. त्यामुळे अ आता लंबदुभाजकावर राहत नाही. ७० अंशांच्या कोनाचे या रीतीने ३३.४ आणि ३६.६ असे भाग पडतात. डोळ्याला हा फरक पटकन दिसत नाही, म्हणून तो जास्त फसवा आहे.

चूक झाली आहे का, हे कोनमापकाविना ओळखता येते. ब आणि क वरून दुसऱ्या एखाद्या त्रिज्येने पुन्हा एक छेदनबिंदू काढावा. रचना नीट असेल, तर अ, ड आणि हा नवा बिंदू एका रेषेत येतात. मात्र ही तपासणी पहिल्या कंसाची चूकही पकडते ती एवढ्याचसाठी, की त्यात अ सामील आहे: ब आणि क असमान अंतरावर असतील, तर ड आणि नवा बिंदू जोडणारी रेषा अ ला बाजूला टाकून जाते. दुसरी तपासणी दुभाजकाच्या आणखी एका गुणधर्मावर आधारलेली आहे. दुभाजकावरच्या कोणत्याही बिंदूपासून दोन्ही भुजांवर लंब टाकले, तर ते लंब समान लांबीचे असतात. किरणावर दूरचा एखादा बिंदू घेऊन गुण्याने ही दोन अंतरे पाहावीत.

गुण्याच हाताशी असेल, तर सुतार कंपासशिवायही कोन दुभागू शकतो. फळीच्या कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर सारख्या अंतरावर खुणा करायच्या. मग कोपऱ्याकडे तोंड करून गुण्या असा सरकवत न्यायचा, की त्याच्या दोन्ही हातांवरचे सारखेच आकडे त्या दोन खुणांना लागतील. गुण्याचा कोपरा जिथे येईल, तो बिंदू म्हणजे आपला ड. गुण्याचा काटकोन इथे कामी येत नाही. कामी येतात ती त्याच्या हातांवरची दोन समान अंतरे. सिद्धता पुन्हा तीच, तीन बाजूंची.

दोन भाग होतात, तीन का होत नाहीत

एकदा दुभागलेला कोन पुन्हा दुभागता येतो. ६० अंशांचा कोन कंपासने सहज काढता येतो. त्याचे ३०, मग १५, मग ७.५ अंश असे करत जाता येते. दोन, चार, आठ, सोळा समान भाग या एकाच रचनेच्या पुनरावृत्तीने मिळतात. त्यामुळे तीन समान भागांसाठीही अशीच एखादी सोपी रीत असावी असे वाटते.

सर्वांत आधी सुचणारी रीत म्हणजे बक या जीवेचे तीन समान भाग करून ते बिंदू अ ला जोडणे. रेषाखंडाचे तीन समान भाग कंपास आणि पट्टीने करता येतात, आणि दोन भागांच्या बाबतीत जीवेचा मध्यबिंदू अ ला जोडला की कोन दुभागतोही. पण तीन भागांत हे जमत नाही. आपल्या ७० अंशांच्या कोनात असे केले, तर मधला कोन सुमारे २६.३ अंशांचा आणि बाजूचे दोन सुमारे २१.९ अंशांचे होतात. कारण पुन्हा घडीकडेच जाते. दोन भाग करताना अम ही रेषा आकृतीची घडी होती. तिच्या एका बाजूचे सगळे दुसऱ्या बाजूवर बसत होते, म्हणून कोन समान असल्याची खात्री होती. तीन भागांत बाजूचे दोन कोन एकमेकांवर बसतात, पण मधला कोन त्यांच्यावर बसवणारी घडी नाही. जीवेचा मधला तुकडा अ ला अधिक जवळ असतो, म्हणून तो अ पासून अधिक मोठा कोन व्यापतो.

दुसरी एखादी हुशार रचना सापडेल का, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ खुला होता. ग्रीक गणितींनी कोन त्रिभागला, पण त्यासाठी त्यांना पट्टी आणि कंपास यांच्यापलीकडचे वक्र वापरावे लागले. निकोमिडीसचा शंखवक्र हा त्यांपैकी एक. १८३७ साली फ्रेंच गणिती पिएर वाँत्सेल याने सिद्ध केले की, कोणताही दिलेला कोन त्रिभागणारी सर्वसाधारण रचना या दोन साधनांनी शक्य नाही. युक्तिवादाचा गाभा असा: रेषा आणि वर्तुळांच्या छेदनांतून मिळणाऱ्या लांबी म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांनीच मिळणाऱ्या संख्या. ६० अंशांचा कोन त्रिभागायचा, तर २० अंशांची कोज्या एवढी लांबी काढावी लागते, आणि ती 8x³ − 6x − 1 = 0 या त्रिघाती समीकरणाचे उत्तर आहे. हे उत्तर केवळ वर्गमूळांनी मिळत नाही. ९० अंशांसारखे काही ठरावीक कोन त्रिभागता येतात, कारण ३० अंशांचा कोन वेगळ्या वाटेने काढता येतो. पण सगळ्या कोनांना लागू पडणारी रीत नाही.

कोन दुभागताना हा अडथळा येत नाही, कारण तिथे लागणारी नवी लांबी एका वर्गमूळापलीकडे जात नाही. कोनाची कोज्या दिली, तर अर्ध्या कोनाची कोज्या मिळवायला तिच्यात १ मिळवून, दोनने भागून, वर्गमूळ घ्यावे लागते, आणि वर्गमूळ काढणे कंपासच्या आवाक्यात आहे. म्हणूनच कोणत्याही कोनाला दोन समान भागांत कापणारी रचना शक्य आहे आणि ती तीन कंस व एका रेषेत पूर्ण होते.